बीप वाजल्यावरचं अर्धं मिनिट

आज आधी एक कोडं सोडवा. पेन्सिल आणि कागद घ्या. खाली एक निरोप दिलाय. तो एखाद्याला भरभर वाचून दाखवायला सांगा, अगदी एकदाच. मध्ये थांबवायचं नाही, पुन्हा विचारायचं नाही.

"हॅलो? हॅलो... कुणी आहे का? अच्छा, मशीन आहे वाटतं. अं... हाय, मी क्षितिजा. ते कालच्या कागदाबद्दल फोन केला होता, म्हणजे तो बोर्डावर लावलाय ना, तो. माझ्या मैत्रिणीनं पण फॉर्म भरलाय, पण तिचं वेगळं आहे. तर मला एक विचारायचं होतं. तर प्लीज उद्या कधीही फोन करा. माझा नंबर सेव्हनथर्टीटूट्रिपलफाइव्हओवनफोर्टीथ्री. ओके, बाय!"

आता सांगा पाहू. फोन कुणाचा होता? कशाबद्दल होता? कोणत्या नंबरावर, कधी उलट फोन करायचा? बहुतेकांच्या कागदावर "क्षितिजा" एवढंच उतरलं असेल. आणि ते सुद्धा तुम्ही मराठी आहात म्हणून! निरोप ऐकणारी बाई अमेरिकन असेल, तर तिला तेवढंही मिळायचं नाही.

फोन उचलायला कुणी नसेल, तर फोन करणाऱ्याचं बोलणं साठवून ठेवायची जी सोय असते, तिला म्हणतात व्हॉइसमेल. आपल्याकडे ती फारशी कुणी वापरत नाही. आपण मिस्ड कॉल देतो, नाहीतर मोबाइलवर बोलून संदेश पाठवतो. पण अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात शाळा, दवाखाने, ग्रंथालयं, कॉलेजांची कार्यालयं अशा ठिकाणी फोन केला, की पुष्कळदा हा व्हॉइसमेलच भेटतो. तुमच्यापैकी कुणाचे मामा-मावशी तिकडे राहत असतील, कुणी स्वतःच तिकडे राहून हा अंक वाचत असेल, तर कुणाची ताई तिकडच्या कॉलेजाला अर्ज करत असेल. म्हणून हा प्रकार नीट समजून घेऊ.

कल्पना तशी जुनीच आहे, बरं का! डेन्मार्कच्या वाल्डेमार पाउल्सेन या तंत्रज्ञानं 1898 साली एका पितळी नळकांड्यावर पोलादी तार गुंडाळली आणि तिच्यावर चुंबकाच्या साहाय्यानं आवाज टिपून दाखवला. घरी कुणी नसताना आलेल्या टेलिफोनचा निरोप राहावा, हाच त्याच्या डोक्यातला एक उपयोग होता. पुढे कॅसेटवर निरोप टिपणारी यंत्रं घरोघरी आली. आणि 1979 मध्ये अमेरिकेतल्या गॉर्डन मॅथ्यूज यांनी एकाच संगणकात सगळ्या कचेरीचे निरोप साठवायच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजचा व्हॉइसमेल तो हा. यंत्रं बदलली, पण एक गोष्ट पाउल्सेनच्या तारेपासून आजतागायत तशीच आहे. समोर माणूस नसतो. "काय म्हणालीस?" असं विचारणारं कुणी नसतं. सगळी गंमत आणि सगळी पंचाईत इथेच आहे.

चला, आपल्या क्षितिजाकडे जाऊ.

समजा, ती न्यू जर्सीतल्या एका गावात राहते. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात दर उन्हाळ्यात लहान मुलांसाठी वाचनाचा उपक्रम असतो. अमेरिकेत पुष्कळ गावांमध्ये असतोच. त्यात मदतीला मोठी मुलं स्वयंसेवक म्हणून घेतात. सूचनाफलकावर लिहिलंय, वय 14 पूर्ण हवं, अर्ज शुक्रवारपर्यंत. क्षितिजाला 14 वर्षं पूर्ण होणार जूनच्या मध्यावर, आणि उपक्रम सुरू होणार जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे काम सुरू होताना ती 14 ची असेल, पण अर्ज करताना 13 ची! मग चालेल की नाही? हे तिला शुक्रवारच्या आत कळायला हवं. सोमवारी दुपारी शाळेतून आल्यावर तिनं फोन केला, बाई जागेवर नव्हत्या, बीप वाजला आणि तिच्या तोंडून वरचा निरोप बाहेर पडला.

मंगळवारी बाईंनी तो ऐकला. नंबर काही लागेना. दोनदा ऐकला, मग पुढच्या निरोपाकडे गेल्या. त्यांच्यासमोर असे दहा-पंधरा निरोप होते हो! त्यांचा काही दोष नाही.

नंबर का लागला नाही, ते आधी पाहू, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

तुमच्या कानाला साधारण 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ते माप. साधा टेलिफोन मात्र यातली एक अरुंद पट्टीच पलीकडे नेतो, 300 पासून 3,400 हर्ट्झपर्यंत. स्वर या पट्टीत छान बसतात, म्हणून फोनवर आई बोलतेय की मावशी, ते आपल्याला लगेच कळतं. पण "स" म्हणताना दातांमधून जी हवा सुसाट सुटते, तिचा बहुतेक आवाज 4,000 हर्ट्झच्या वर असतो. तो वाटेतच गळतो. उरतो नुसता एक फुसका श्वास. त्यामुळे फोनवर इंग्रजीतला "एस" आणि "एफ" ओळखू येत नाहीत. "एम" आणि "एन", "बी" आणि "डी", "पी" आणि "टी" यांचीही अशीच गल्लत होते. नव्या मोबाइलवर 7,000 हर्ट्झपर्यंतची रुंद पट्टी मिळू शकते, पण दोन्ही फोनांना आणि मधल्या सगळ्या जाळ्याला ती सोय असेल तरच. व्हॉइसमेलच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवू नये.

याचा मराठीतला पुरावा हवाय? एकमेकांकडे पाठ करून उभे राहा आणि तोंडावर रुमाल धरून हळूच म्हणा, "सात". पलीकडच्याला "आठ" ऐकू येण्याची दाट शक्यता! "स" गळला की राहिलं काय, "आत". आता पुढची मजा पाहा. आपण मोबाइल नंबर जोडीजोडीनं सांगतो ना, "अठ्ठ्याण्णव, सदुसष्ट" असा? मग सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव, सदुसष्ट-अडुसष्ट, सत्तावन्न-अठ्ठावन्न, सदतीस-अडतीस, सत्तावीस-अठ्ठावीस, साऱ्या जोड्या डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक जोडीत फरक फक्त सुरुवातीच्या अक्षरांचा. शेपूट तेच! आजीला फोनवर नंबर सांगताना जी वादावादी होते ना, तिचं कारण आजीचा कान नव्हे. म्हणून मराठीतही निरोप ठेवताना एकेक अंक सुटा सांगावा, आणि सात-आठ असतील तिथे "सात, सहानंतरचा सात" असं खुशाल म्हणावं. हसतील, पण बरोबर लिहून घेतील.

इंग्रजीतही तोच नियम. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी", "थर्टीन" आणि "थर्टी" यांच्यात शेवटच्या "न"पुरता काय तो फरक. म्हणून "फोर्टी थ्री" म्हणायचं नाही, "फोर, थ्री" म्हणायचं. शून्याला "ओ" म्हणायचं नाही, ते इंग्रजी अक्षरही आहे. "झीरो" म्हणावं. "डबल" आणि "ट्रिपल" तर अमेरिकेला जाताना घरीच ठेवून जावं! आपल्याकडे आणि इंग्लंडात "डबल फाइव्ह" सगळ्यांना समजतं. अमेरिकन माणसाच्या कानाला त्याची तितकी सवय नसते. तो "ट्रिपल" म्हणजे काय याचा विचार करत असतानाच तुमचे पुढचे चार अंक निघून जातात.

विमानाचे वैमानिक रेडिओवर बोलताना याहून जास्त काळजी घेतात. "नाइन" आणि "फाइव्ह" एकसारखे ऐकू येतात, म्हणून त्यांनी 9 ला "नायनर" करून टाकलंय! आणि अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी ठरलेली शब्दमाला 1956 पासून जगभर वापरतात. तुम्हाला एवढं करायची गरज नाही. पण त्यामागचं कारण मात्र आपल्याही उपयोगाचं आहे.

आता वेग. दहा अंक घाईघाईनं म्हटले तर तीन सेकंदांत संपतात. घड्याळ लावून पाहा. पण ते लिहायला? तेही घड्याळ लावून पाहा. निदान दुप्पट वेळ लागतो. बोलणारा पुढे पळतो आणि लिहिणारा पाचव्या अंकापाशी अडकतो. यावर एक साधी युक्ती आहे, आणि ती "हळू बोल गं" असं दहादा सांगण्यापेक्षा बरी. नंबर सांगताना तुम्ही स्वतः तो कागदावर लिहा. जो अंक लिहून होईल तोच बोला. तुमचा हात आणि त्या बाईंचा हात साधारण एकाच चालीनं चालतो, त्यामुळे वेग आपोआप बरोबर बसतो.

शिवाय नंबराचे तुकडे पाडा. अमेरिकेत दहा अंक तीन, तीन, चार असे म्हणतात, आणि तिथल्या लोकांचा कान आणि हातही त्याच तालात लिहितो. क्षितिजाच्या आईचा नंबर आपण 732-555-0143 असा धरू. (घाबरू नका, हा कुणाचाच नंबर नाही. अमेरिकेत 555-0100 पासून 555-0199 पर्यंतचे नंबर गोष्टींमध्ये आणि सिनेमांमध्ये वापरण्यासाठी मोकळे ठेवलेत!) तो म्हणायचा असा, "सेव्हन, थ्री, टू." एक श्वास. "फाइव्ह, फाइव्ह, फाइव्ह." एक श्वास. "झीरो, वन, फोर, थ्री." पहिले तीन अंक म्हणजे त्या भागाचा कोड. "मी गावातलीच आहे" म्हणून ते गाळू नयेत.

नंबर दोनदा सांगायचा, हे तुम्ही ऐकलं असेल. पण कुठे कुठे? काहीजण लागोपाठ दोनदा सांगतात. मला विचाराल, तर एकदा नावानंतर लगेच आणि एकदा अगदी शेवटी. कारण असं, की पहिल्यांदा ऐकताना पलीकडच्या बाईंच्या हातात पेन असेलच असं नाही. शेवटी मात्र ते असतंच. आणि एखादा अंक हुकला, तर निरोप पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या दहा सेकंदांतच नंबर मिळतो, सगळं पुराण पुन्हा ऐकावं लागत नाही. मात्र दोन्ही वेळा तुकडे तेच पाडा हं. एकदा "फाइव्ह, फाइव्ह, फाइव्ह" आणि दुसऱ्यांदा "फाइव्ह, फिफ्टी-फाइव्ह" म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटणार, हे दोन वेगळे नंबर आहेत!

"पण फोनवर आमचा नंबर उमटतोच की!" तुमच्यातला कुणीतरी म्हणालाच असेल. उमटतो, पण नेहमी नाही. कचेरीचे फोन मधल्या यंत्रातून फिरून येतात, परदेशातून आलेल्या फोनाचा नंबर कधी अर्धवट दिसतो, कधी दिसतच नाही. आणि क्षितिजानं आपल्या मोबाइलवरून फोन केला, पण उत्तर आईच्या नंबरावर हवं असेल तर? उमटलेला नंबर तिथे चुकीचाच ठरणार.

नाव हे नंबराइतकंच अवघड प्रकरण आहे, विशेषतः आपलं नाव परक्या कानावर पडणार असेल तेव्हा. आपण आपलं नाव जन्मभर म्हणत आलेलो असतो, म्हणून सगळ्यात भरभर म्हणतो ते तेच. "क्षितिजापाटील" असा एकच लांबलचक शब्द झाला, तर नाव कुठे संपलं आणि आडनाव कुठे सुरू झालं, तिकडे कळत नाही. म्हणून मध्ये एक थांबा घ्यायचा आणि मग अक्षरं सांगायची. तीही तुकड्यांत, "के, एस, एच... आय, टी, आय... जे, ए." आता ही अक्षरं मोठ्यानं म्हणून पाहा. "के", "जे" आणि "ए" तिन्ही एकाच यमकात! म्हणून "के फॉर काइट", "जे फॉर जॅकेट", "ए फॉर ॲपल" असं म्हणावं. "एस" साठी "एस फॉर समर" म्हणावं, म्हणजे त्याचा "एफ" होत नाही. शब्द मात्र साधा निवडा. एका मुलानं "के फॉर नाइफ" म्हटलं होतं अशी एक गंमत सांगतात. स्पेलिंग बरोबर, पण ऐकणाऱ्यानं लिहिलं "एन"!

आणि पाटील? सोपं वाटतं, नाही? पण न्यू जर्सीत पटेल मंडळींची वस्ती इतकी मोठी, की तिकडची माणसं "पाटील" ऐकून हटकून "पटेल" लिहितात. मग अर्जांच्या गठ्ठ्यात क्षितिजा पाटील सापडणार कशी? म्हणून "पी, ए, टी, आय, एल" एवढं सांगायचंच. ज्या नावाचं जिथे हमखास दुसरं काही होतं, तिथे ते आधीच अडवावं.

आता कामाकडे वळू. "मला एक विचारायचं होतं" हे वाक्य निरोपात असूच नये. कारण बाईंनी उलट फोन केला, तरी काय विचारणार ते त्यांना ठाऊक नाही. मग त्या म्हणणार, "थांब हं, चौकशी करून सांगते." पुन्हा फोन. तेव्हा क्षितिजा शाळेत. पुन्हा निरोप. असा हा लपंडाव चार-चार दिवस चालतो आणि शुक्रवार उजाडतो! त्याऐवजी प्रश्नच निरोपात ठेवला तर? बाई आधी उत्तर शोधून मगच फोन करतील. आणि घरी कुणी नसलंच, तर उत्तरही निरोपातच ठेवून देतील. काम दोन फोनांत संपलं. काम एका वाक्यात, प्रश्न एका वाक्यात, बास. मैत्रिणीचा फॉर्म, बोर्डावरचा कागद, यांतलं काही बाईंना नको असतं.

राहिली वेळ. "उद्या कधीही" या दोन शब्दांत दोन चुका आहेत. "कधीही" हे खोटं आहे, कारण सकाळी आठ ते दुपारी तीन क्षितिजा शाळेत असते, आणि बाई नेमक्या तेव्हाच कचेरीत असतात. आणि "उद्या"? निरोप ठेवला सोमवारी, म्हणजे तिचा उद्या मंगळवार. बाईंनी ऐकला मंगळवारी, म्हणजे त्यांचा उद्या बुधवार! यंत्र निरोपाची तारीख-वेळ नोंदवतं खरं, पण ती बघायची सवय प्रत्येकाला नसते. म्हणून निरोपात आज, उद्या, परवा हे शब्द वापरूच नका. वाराचं नाव घ्या. "बुधवारी किंवा गुरुवारी, दुपारी साडेतीन ते पाच." असं म्हटलं की ऐकणाऱ्याला फोन करायची जागा दिसते. एक दिवस दिला तर तो हुकू शकतो, म्हणून दोन द्यावेत. आणि ज्या वेळा दिल्या, त्या वेळांना फोनजवळ असावं, हे ओघानं आलंच.

पुण्याहून अमेरिकेतल्या कॉलेजाला फोन करणाऱ्या ताईनं आणखी एक करायचं. वेळ त्यांच्या घड्याळानं सांगायची. न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, कारण तिकडे मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरात परत मागे आणतात. म्हणजे जुलैत ताईनं "तुमच्या सकाळी नऊ ते अकरा, ईस्टर्न टाइम" असं सांगितलं, तर तिच्या घरी संध्याकाळचे साडेसहा ते साडेआठ वाजलेले असतील. गणित ताईनं करायचं, कचेरीतल्या माणसावर टाकायचं नाही. आणि नंबराआधी "इंडिया, कंट्री कोड नाइन वन" म्हणून मग दहा अंक पाच-पाचच्या तुकड्यांत सांगायचे. त्यांना तिकडून 011 लावून मग 91 लावावं लागतं. ते त्यांना ठाऊक असतं, पण हा नंबर परदेशातला आहे एवढं तरी आधी कळायला हवं.

बरं, क्षितिजानं मंगळवारी दुपारी काय केलं? तिनं एका कार्डावर चार ओळी लिहिल्या, नाव, काम, नंबर, वेळ. टीव्ही बंद केला. आईला म्हणाली, "आई, दोन मिनिटं मिक्सर लावू नकोस हं." फोन स्पीकरवर न ठेवता कानाला लावला, कारण स्पीकरवर बोललं की सगळ्या खोलीचा घुमारा निरोपात जातो. मग नंबर फिरवला. पलीकडून आधी बाईंच्या आवाजात साठवलेलं बोलणं आलं. ते तिनं या वेळी पूर्ण ऐकलं. ऐकायचंच असतं, कारण आपण बरोबर माणसाकडे पोचलो की नाही ते त्यातच कळतं, आणि कधी कधी "याच कामासाठी दुसऱ्या नंबरावर फोन करा" असंही त्यात सांगितलेलं असतं. मग बीप. एक क्षण थांबून ती बोलू लागली. बीप वाजतानाच बोललं, तर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द नेमका नावाचा असतो!

निरोप अर्थात इंग्रजीत होता. आपण तो मराठीत वाचू.

"नमस्कार. माझं नाव क्षितिजा... पाटील. स्पेलिंग सांगते. के फॉर काइट, एस फॉर समर, एच... आय, टी, आय... जे फॉर जॅकेट, ए फॉर ॲपल. आडनाव पी, ए, टी, आय, एल. माझ्या आईचा नंबर 732... 555... 0143. उन्हाळी वाचन उपक्रमात स्वयंसेवक म्हणून काम करण्यासाठी मला अर्ज करायचा आहे. माझा प्रश्न असा, की 14 वर्षं पूर्ण अर्जाच्या दिवशी हवीत की काम सुरू होण्याच्या दिवशी? मला ती जूनच्या मध्यावर पूर्ण होतील. अर्जाची मुदत शुक्रवारी आहे. कृपया बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी साडेतीन ते पाच या वेळात फोन करावा. मी नसले, तर आईला सांगितलं तरी चालेल. नंबर पुन्हा एकदा, 732... 555... 0143. क्षितिजा पाटील. आभारी आहे."

घड्याळ लावून सावकाश वाचा. स्पेलिंगमुळे जरा लांबेल. नाव "अमित शहा" सारखं आटोपशीर असतं, तर आणखी लवकर काम झालं असतं! पुष्कळ ठिकाणी निरोपाला मिनिट-दोन मिनिटांची मर्यादा असते आणि ती संपली की यंत्र बोलता बोलता तोडतं. म्हणूनही पहिला नंबर सुरुवातीलाच हवा.

मध्येच अंक चुकला तर? "नाही नाही, शेवटचा चार नाही, तीन" असली दुरुस्ती करू नका, ऐकणाऱ्याचा पुरता गोंधळ होतो. सरळ म्हणावं, "माफ करा, नंबर पुन्हा सांगते," आणि पहिल्या अंकापासून सगळा म्हणावा. पुष्कळ व्हॉइसमेलांवर बोलून झाल्यावर फोन न ठेवता चौकटीचं बटण, म्हणजे #, दाबलं की आपलाच निरोप ऐकता येतो आणि बिघडला असेल तर नवा ठेवता येतो. सगळीकडे ही सोय नसते, पण दाबून पाहायला काय हरकत आहे?

आई-बाबांसाठी इथे दोन शब्द. निरोप कोण ऐकेल आणि कुठे ऐकेल, हे आपल्या हातात नसतं. कचेरीत तो स्पीकरवरही लावला जातो. इंग्लंडात तर एका मोठ्या साप्ताहिकाची माणसं दुसऱ्यांचे व्हॉइसमेल चोरून ऐकत होती हे उघडकीला आलं, आणि 2011 साली ते साप्ताहिक बंद पडलं. तेव्हा मुलांनी घरचा पत्ता, पूर्ण जन्मतारीख, "मी घरी एकटीच असते" असलं काही निरोपात ठेवू नये, आणि नंबर शक्यतो मोठ्यांचा द्यावा. क्षितिजानं "जूनच्या मध्यावर" म्हटलं, तारीख सांगितली नाही, ते यासाठीच. प्रश्नाच्या उत्तराला तेवढं पुरेसं होतं.

आणि आपला निरोप कळण्यासारखा झाला की नाही, हे कसं ओळखायचं? घरच्या मोबाइलवर तो आधी टिपून घ्या आणि दुसऱ्या खोलीत आजोबांना ऐकवा. एकदाच. त्यांच्या हातात कागद-पेन्सिल द्या, पण तुम्ही तिथे थांबू नका, नाहीतर चेहऱ्यानं खाणाखुणा कराल! त्यांनी लिहिलेला नंबर तुमच्या कार्डाशी ताडून पाहा. एखादा अंक चुकला असेल, तर तो कोणता ते बघा. बहुधा श्वास न घेता म्हटलेल्या जागेवरचाच असेल.

बुधवारी चार वाजता क्षितिजाच्या आईचा फोन वाजला. "मिस पाटील आहेत का?" पटेल नव्हे बरं का! बाईंनी आधीच चौकशी करून ठेवली होती. वय काम सुरू होण्याच्या दिवशी मोजतात. अर्ज गुरुवारी काउंटरवर आणून द्यायचा, त्यावर पालकांची सही हवी. क्षितिजानं कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून घेतलं.